फोटोतलं लिमिट सोडवताना या चुका टाळा

अकरावीचा लिमिटचा धडा सुरू झाला की माझ्या मोबाइलवर वाकड्या कोनातून काढलेले फोटो यायला लागतात. खाली एकच ओळ असते, ‘मॅडम, उत्तर जुळत नाही.’ गणित कुठवर आलं, कोणती पद्धत वापरली, काही नाही. आणि निम्म्याहून जास्त वेळा पद्धत बरोबरच असते. वाचलेलं गणितच चुकीचं असतं.

म्हणून माझ्याकडे पहिला नियम असा की फोटोकडे बघत सोडवायचं नाही. आधी वहीत उतरवायचं, मग x ची किंमत टाकून बघायची, आणि त्यानंतरच अवयव, कॉन्जुगेट वगैरे. किंमत टाकणं पोरांना वेळेचा अपव्यय वाटतो, ‘शून्य भागिले शून्यच येणार ना!’ म्हणतात. पण ते येतंय का, हीच तर वाचनाची तपासणी आहे. हे बघा:

```
lim (x→3)  (√(x+6) − 3) / (x² − 9)
```

रूटची रेघ फोटोत अर्धवट आली आणि तुम्ही ‘√x, अधिक 6, वजा 3’ असं वाचलंत, तर 3 टाकल्यावर अंशात √3 + 3 येतं आणि छेदात शून्य. इथेच थांबायचं. फोटो मोठा करून रेघ कुठे संपते ते बघायचं. रेघ 6 च्या डोक्यावरही आहे असं कळलं की √9 − 3, म्हणजे शून्य, आणि गणित रुळावर येतं. कॉन्जुगेटने गुणलं की वर x − 3 उरतो, तो कटतो, उत्तर 1/36. ज्यांनी किंमत टाकलीच नाही ते चुकीच्या अंशाचं कॉन्जुगेट करत पानभर जातात.

अवयवांच्या गणितात हाच उपाय 3 आणि 8 मधला घोळ पकडतो.

```
lim (x→1)  (x³ − 3x + 2) / (x³ − x² − x + 1)
```

फोटोत 3x चा 8x दिसला तर 1 टाकल्यावर वर −5 येतं. धड्यातल्या गणितात असं आलं तर निदान माझा पहिला संशय फोटोवर जातो, लिमिटवर नाही. 3x वाचलंत तर वर-खाली शून्य येतं. आता अंशात 1 टाकून शून्य आलं म्हणजे (x − 1) हा त्याचा अवयव आहेच, तो शोधत बसायचं नसतं. सरळ संश्लेषक भागाकार करायचा. एकदा (x − 1) कटल्यावर परत 1 टाकलात की परत 0/0 येतं, आणि इथे पोरं ‘लिमिट अस्तित्वात नाही’ लिहून मोकळी होतात. अरे, अवयव दोनदा असू शकतो! अंश (x − 1)²(x + 2) आहे, छेद (x − 1)²(x + 1). दुसऱ्यांदा काढा, उत्तर 3/2.

आता ज्या गणितासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते. एका सराव पेपरच्या झेरॉक्सचा फोटो बॅचच्या ग्रुपवर फिरत होता. कागदाची घडी नेमकी छेदावरून गेलेली.

```
lim (x→0)  (√(1+x) − 1 − x/2) / x²
```

पर्याय होते 0, 1/8, −1/8 आणि −1/4. एका मुलीला घडीमुळे छेदाचा वर्ग दिसलाच नाही, तिने नुसता x धरला. त्या गणिताचं उत्तर खरंच 0 येतं, तिने सोडवलंही नीट होतं. एका मुलाने x² बरोबर वाचला, पण √(1+x) च्या जागी 1 + x/2 टाकलं, अंश पूर्ण उडाला आणि त्याचंही उत्तर 0. दोघांनी ग्रुपवर उत्तरं ताडून पाहिली, जुळली, बाकीच्यांनीही 0 वर शिक्का मारला. मी −1/8 लिहिल्यावर ‘मॅडम, पेपरची की चुकली असेल’ इथपर्यंत मजल गेली. दोन वेगळ्या चुका एकाच उत्तरावर येऊन थांबल्या होत्या, त्यामुळे उत्तर जुळलं ही खात्री काही कामाची नव्हती.

यातली मुलीची चूक किंमत टाकून सापडत नाही, कारण छेद x असो की x², 0 टाकल्यावर 0/0 च येतं. इथे पेपर काढणाऱ्याचं डोकं वाचावं लागतं. त्याने वर − x/2 कशाला लिहिलं असेल? छेद नुसता x असता तर √(1+x) − 1 एवढंच पुरलं असतं, उत्तर 1/2 आलं असतं, छान गणित झालं असतं. x/2 वजा करून त्याने x चं पद मुद्दाम मारलंय, म्हणजे त्याला x² च्या पदापर्यंत न्यायचंय. मग छेदात x² असणारच. पुसट घात वाचायला यापेक्षा चांगला भिंग मला माहीत नाही. तरी शंका राहिली तर दुसरा फोटो मागवा, कागद सपाट करून, उजेडात. तोंड उघडून ‘वरचा आकडा दिसत नाही’ म्हणायला पोरांना कसली लाज वाटते कोण जाणे.

मुलाची चूक माझी खास नावडती आहे. सिरीज हा शॉर्टकट आहे असं क्लासवाल्यांनी डोक्यात भरलंय, पण सिरीज कुठे तोडायची हे कोणी सांगत नाही. छेदात x² असेल तर अंशात x² चं पद येईपर्यंत लिहायचं, एकही पद आधी थांबायचं नाही:

```
√(1+x) = 1 + x/2 − x²/8 + x³/16 − …
```

1 आणि x/2 वजा झाले, उरलं −x²/8 आणि पुढचं. x² ने भागलं की −1/8, आणि पुढच्या प्रत्येक पदात x शिल्लक असल्याने ती शून्याकडे जातात. माझी सवय अशी की गरजेपेक्षा एक पद जास्तच लिहायचं. वरची सगळी पदं कटून अंश शून्य झाला, तर लगेच उत्तर शून्य लिहायचं नाही, बहुधा तुमची सिरीज तोकडी असते.

sin x च्या जागी x टाकायची घाई याच जातीची. गुणाकारात आणि भागाकारात ती बहुधा चालते, वजाबाकीत घात करते. (tan x − sin x)/x³ मध्ये दोन्हींच्या जागी x टाकलात की 0 येतं, खरं उत्तर 1/2 आहे. tan x मध्ये + x³/3 आहे, sin x मध्ये − x³/6, आणि सगळी मजा त्या तिसऱ्या घातातच आहे. सिरीज नको असेल तर वरून tan x कॉमन काढा, 1 − cos x उरतो, ओळखीची दोन लिमिट मिळतात.

परत त्या घडीच्या गणिताकडे. ज्यांना सिरीज पाठ नाही त्यांनी कॉन्जुगेट करावं, पण इथेही दोन खड्डे आहेत आणि पेपर काढणाऱ्याने दोन्हींसाठी पर्याय ठेवलेत. पहिलं म्हणजे 1 + x/2 हे एकच पद समजून कंसात ठेवायचं. अंश √(1+x) − (1 + x/2) असा लिहा आणि √(1+x) + (1 + x/2) ने वर-खाली गुणा. अंशात येतं:

```
(1 + x) − (1 + x + x²/4) = −x²/4
```

कंस न घालता उलगडणाऱ्याचं वजाचं चिन्ह शेवटच्या पदापर्यंत पोचत नाही, त्याला +x²/4 मिळतं आणि शेवटी तो 1/8 वर टिक करतो. दुसरा खड्डा: x² कटल्याच्या आनंदात खालचं कॉन्जुगेट लिहायचंच राहतं. 0 टाकल्यावर ते 1 + 1, म्हणजे 2 होतं, ते गाळलं की उत्तर −1/4. तोही पर्याय तयार आहेच. कॉन्जुगेट खाली कंसात तसंच ठेवा, त्याला उलगडू नका, शेवटच्या ओळीत त्यात किंमत टाका.

उत्तराची खात्री कशी करायची? मैत्रिणीला विचारून नाही. x = 0.1 टाका: √1.1 म्हणजे 1.0488088, त्यातून 1.05 गेले, −0.0011912 उरले, 0.01 ने भागलं की −0.119. x = 0.01 ला −0.1244 येतं. −0.125 कडे चाललंय हे दिसतं, 0 कडे नाही. पण अतिहुशारी करून x = 0.00001 टाकू नका. १२ आकडी साधा कॅल्क्युलेटर वर्गमूळाचे शेवटचे आकडे गिळतो, वजाबाकीत जवळपास काहीच उरत नाही, आणि −0.2 सारखं भलतंच काहीतरी दाखवतो. 0.1 आणि 0.01, बास.

‘एल-हॉस्पिटल लावू का?’ हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो. धड्यात लिमिट आधी आणि डेरिव्हेटिव्ह नंतर आहे, तेव्हा पायऱ्यांच्या पेपरात ते लावून मार्क मागायला जाऊ नका. सीईटीला लावा, पण प्रत्येक वेळी लावण्याआधी 0/0 आहे का ते बघून. वरच्या गणितात दोनदा लावावं लागतं, आणि √(1+x) चं दुसरं डेरिव्हेटिव्ह घाईत चुकणारे मी इतके पाहिलेत की त्यांना कॉन्जुगेटच परवडलं असतं.

बाकी किरकोळ. x² + 3x भागिले x² + 5 मध्ये वर-खालचे x² कापू नका, ते अवयव नाहीत, पदं आहेत. किंमत टाकेपर्यंत प्रत्येक ओळीत lim लिहा. फोटोत sin x च्या x वर बारीक गोल आहे का ते बघा, कारण sin x° / x चं उत्तर 1 नाही, π/180 आहे, आणि तो गोल झेरॉक्सवरच्या ठिपक्यात हमखास हरवतो.

आणि बाणापुढे ∞ दिसलं तर त्याच्या आधी वजा आहे का ते दोनदा पाहा. x→−∞ असताना √(x²) म्हणजे x नव्हे, −x. √(x² + x) + x मध्ये हे विसरलं की कॉन्जुगेटनंतर छेद शून्याकडे गेलेला दिसतो आणि पोरं ∞ लिहितात. तिथे x च्या जागी −t टाका, t→∞ करा, मग सोडवा. −1/2 येतं.