इसाराच्या पैशावर धंदा वाढवताना या चुका टाळा

तासगाव, कवठेमहांकाळ भागात बेदाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारीत सुरू होतो. त्यामुळे शेड आणि रॅक बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे दिवाळीच्या आसपासच बुकिंग यायला लागतं. शेतकरी इसार देतो, लोखंडाचा व्यापारी अँगल-पाईप उधारीवर देतो आणि मालकाचा रुपयाही न अडकता काम उभं राहतं. हेच ऋण, म्हणजे उणे खेळतं भांडवल: रोजच्या कामात मालकाऐवजी दुसऱ्यांचाच पैसा फिरतो. सुरुवातीला खात्यात पैसा नफ्याच्या कितीतरी पुढे धावतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

कुपवाड एमआयडीसीतलं एक नवं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. हिशेब सोपा राहावा म्हणून जीएसटी आणि भाडं बाजूला ठेवू. एक शेड 5 लाखांची. बुकिंगला 2 लाख इसार, पुढच्या महिन्यात उभारणी झाली की उरलेले 3 लाख. त्याच महिन्यात मजुरी, वीज, वाहतुकीचा 1 लाख रोख जातो. माल सव्वातीन लाखांचा, पण त्याचे पैसे उभारणीच्या पुढच्या महिन्यात द्यायचे. एका शेडमागे सुटतात 75 हजार.

बुकिंग असं आलं: ऑक्टोबरात 2, नोव्हेंबरात 4, डिसेंबरात 6, जानेवारीत 3. मग बंद. जानेवारीअखेर खात्यात साडेचौतीस लाख दिसतात. त्यातले साडेएकोणीस लाख व्यापाऱ्याचे आहेत, कारण डिसेंबरात बुक झालेल्या 6 शेडचा माल वापरून झालाय आणि बिल द्यायचं बाकी आहे. 6 लाख ज्यांची शेड अजून उभी राहायची त्या 3 शेतकऱ्यांचे. मालकाचे स्वतःचे फक्त 9 लाख.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक इथे होते: शिल्लक बघून मशीन घेणं. समजा त्याने 20 लाखांचं कटिंग मशीन रोखीने घेतलं. फेब्रुवारीत शेवटच्या 3 शेडमधून मजुरी वजा जाता 6 लाख येतील, व्यापाऱ्याला साडेएकोणीस जातील आणि हातात जेमतेम 1 लाख उरेल. मार्चचं पावणेदहा लाखांचं बिल मग भरणार कशातून? धंदा तोट्यात नाही, पंधरा शेडचा सव्वाअकरा लाख नफा खरा आहे. फक्त दुसऱ्याचा पैसा मशीनमध्ये अडकला.

यावर उपाय म्हणजे दर शनिवारी तीन आकडे लिहायचे: खात्यातली शिल्लक, न झालेल्या कामांचे इसार, व्यापाऱ्यांची देणी. पहिल्यातून उरलेले दोन वजा करा. उरतं तेवढंच आपलं. शिल्लक वाढतेय पण हा आकडा जागचा हलत नाही, असं दिसलं तर तो नुसता बुकिंगचा फुगवटा समजा. इसारासाठी वेगळं खातं ठेवलं तर आणखी चांगलं.

दुसरी चूक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये होते. पहिल्या काही महिन्यांची आवक बघून तीच पुढे वर्षानुवर्षं मांडली जाते. समजा हंगाम नाही आणि दर महिन्याला नेमकी 4 बुकिंग येतात. पहिल्या महिन्यात 8 लाख येतील, दुसऱ्यात 16. तिसऱ्यापासून मात्र महिना 3 लाख, म्हणजे निव्वळ नफाच. आगाऊ मिळालेले 21 लाख एकदाच मिळतात; बुकिंग वाढलं तरच त्यात भर पडते आणि घटलं की ते परत जायला लागतात. म्हणून रोकड मांडताना खेळत्या भांडवलाची पातळी नाही, तर त्यात झालेला बदल धरा, आणि शेवटच्या वर्षात ते पैसे बाहेर जाताना दाखवा. रिपोर्ट वार्षिक असेल तर हंगामाचे महिने वेगळे मांडा. मार्चअखेरच्या ताळेबंदात फेब्रुवारीची ओढाताण दिसतच नाही.

तिसरी चूक म्हणजे उधारी फुकट समजणं. रोखीला 65 रुपये किलो असलेला माल 45 दिवसांच्या उधारीवर 66 ला पडत असेल, तर वर्षाला साधारण साडेबारा टक्के व्याज झालं. बँकेची कॅश क्रेडिट त्याहून स्वस्त असेल तर रोखीने घ्या. शिवाय सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून किंवा जॉबवर्क करणाऱ्याकडून काम घेतलं असेल, तर लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसला तर 15 दिवसांत पैसे देणं 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याने बंधनकारक आहे. मुदत उलटून मार्चअखेर बिल थकलं, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. 2023-24 पासून हा नियम आहे. निव्वळ व्यापाऱ्याला तो लागू नाही. म्हणून पुरवठादार नेमका कोण, हे त्याच्या उद्यम प्रमाणपत्रावरून आधीच बघून ठेवा.

पैसा आधीच अडकला असेल, तर सवलत देऊन नवे इसार गोळा करू नका. त्याने मार्च निघेल, पण ती शेड कमी दरात आणि इसार आधीच खर्च झालेला असताना उभारावी लागेल. त्यापेक्षा बिलाची तारीख उलटण्याआधी व्यापाऱ्याला भेटा, हप्ते ठरवा आणि मशीनवर मुदत कर्ज मिळतं का ते बँकेला लगेच विचारा. खरेदीला जितके दिवस उलटतील, तितकं ते अवघड होतं.