सहलीच्या भाषणाला टाळ्या मिळतात, मतं मिळत नाहीत : या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन की सहल असा प्रश्न वर्गात आला की सहलीच्या बाजूने बोलणाऱ्याला वाटतं, आपण जिंकलोच. आमच्या सोलापुरातल्या शाळेत दोन वर्षांपूर्वी असंच झालं. नववीच्या दोन तुकड्या मिळून ८० मुलं. वर्षाचा मोठा उपक्रम एकच आणि तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. विद्यार्थी परिषदेच्या बैठकीत दोन्ही बाजूंना तीन-तीन मिनिटं द्यायची आणि मग चिठ्ठ्या टाकून मतदान घ्यायचं असं ठरलं. सहलीवाल्या मुलाने बाकं दणाणून सोडली. चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा प्रदर्शनाला ४६ आणि सहलीला ३४ मतं निघाली.

मी वर्गशिक्षिका म्हणून मोजणीला बसले होते. ओरडणारी मुलं तीसेक होती आणि मतंही साधारण तेवढीच पडली. म्हणजे जे आधीपासून आपले होते त्यांनाच त्याने तीन मिनिटं खूश केलं. बाकीचे का गेले, हे मला पुढच्या काही दिवसांत मधल्या सुट्टीतल्या गप्पांतून कळलं.

गप्प बसलेल्यांना विसरणं

ही सगळ्यात महागात पडलेली चूक. सहल नको असलेली मुलं वर्गात फारशी नसतात. सहल हवी आहे पण जमणार नाही, अशी मात्र पुष्कळ असतात आणि ती हात वर करून तसं सांगत नाहीत. आमच्या वर्गात बऱ्याच जणांचे वडील यंत्रमागावर आहेत, आया विड्या वळतात. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात ‘सोमवारपर्यंत पैसे आणा’ हे वाक्य जड जातं. काही मुलींना घरून सोडतील की नाही याचीच खात्री नव्हती. आपल्याला जाता येणार नसेल तर बाकीचे गेलेले बघत घरी बसण्यापेक्षा प्रदर्शन बरं, असा त्यांचा साधा हिशोब होता. त्यात चूक काय?

भाषणात पैशाचा उल्लेख एकदाच आला, तोही असा : ‘ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आम्ही वर्गणी काढू!’ हेतू चांगला होता, पण त्याच क्षणी चार-पाच माना खाली गेलेल्या मी पाहिल्या. वर्गणी कुणासाठी काढली हे सगळ्या वर्गाला कळणार, हे त्या मुलांना भाषण करणाऱ्याआधी कळलं होतं.

यावरचा उपाय भाषणाच्या आधी करायचा असतो. पैसे एकदम न घेता सहा आठवड्यांत थोडे थोडे द्यायची सोय वर्गशिक्षकांकडून आधी मंजूर करून घ्या. कुणाचे किती आले हे फक्त वर्गशिक्षकांना माहीत असेल, असंही ठरवून घ्या. मग भाषणात ‘गरीब’, ‘परवडत नाही’, ‘मदत’ यातला एकही शब्द लागत नाही. ‘पैसे सगळ्यांनीच सहा हप्त्यांत द्यायचे आहेत’ एवढं वाक्य पुरतं, कारण सगळ्यांना एकच नियम लागला की कुणी वेगळं दिसत नाही.

रकमेचा अंदाज ठोकून देणं

‘दोनशे रुपयांत होतंय!’ असं म्हटलं की मागून कुणीतरी ‘कसं बे?’ विचारतोच आणि तिथे भाषण अडखळतं. आकडा सांगायचा तर तो डेपोतून आणलेला असावा. शालेय सहलींसाठी एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते, पण त्यासाठी शाळेचं पत्र लागतं. गाडी जिथून निघते त्या डेपोपासून परत डेपोपर्यंतचं अंतर हिशोबात येतं. नकाशावर दिसणारं शाळा ते सहलीची जागा एवढंच अंतर दुप्पट करून भाडं काढलं की घोळ होतो. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन जा, दर लिहून आणा आणि तो कागद भाषणाच्या वेळी हातात ठेवा. वाचून दाखवायची गरज नाही, विचारलं तर दाखवायचा.

माणसंही मोजा. ८० मुलं आणि दहा मुलांमागे एक या हिशोबाने ८ शिक्षक, म्हणजे ८८ जण. एका गाडीत ४४ आसनं धरली तर बरोबर दोन गाड्या भरतात. एक जरी वाढला तरी प्रश्न येतो, म्हणून गाडीत नेमकी किती आसनं आहेत हेही डेपोतच विचारून घ्या.

जेवणाचा खर्च मात्र सहज वाचतो. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे हे डबे सोलापूरच्या पोरांनी नेले नाहीत तर कुणी न्यायचे? दुपारपर्यंत यातलं काही खराब होत नाही. बाहेरच्या जेवणाचं ताट मधून काढलं की माणशी रक्कम लगेच खाली येते.

पावसाळ्यातला फोटो डिसेंबरात दाखवणं

सहलीवाल्या मुलाने नळदुर्गचा किल्ला निवडला होता. निवड चांगली होती. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर, सव्वा तासात पोचता येतं. पण त्याने फळ्यावर चिकटवला तो नर-मादी धबधब्याचा फोटो. दोन्ही सांडव्यांतून पाणी कोसळतंय, खाली माणसं भिजतायत. प्रदर्शनाच्या बाजूची मुलगी शांतपणे उठली आणि म्हणाली, ‘हा धबधबा बोरी नदीला भरपूर पाणी आलं की वाहतो. डिसेंबरात आपण कोरडा दगड बघायला जायचं का?’ वर्ग हसला आणि तिथून पुढे त्याचं एकही वाक्य कुणी खरं मानलं नाही.

वाईट याचं वाटतं की धबधब्याशिवायही तिथे सांगण्यासारखं खूप होतं. नदीवर आडवा बांधलेला जुना दगडी बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्याच पोटात काढलेला पाणी महाल, म्हणजे बाहेर पाणी आणि आत खोल्या. हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ च्या सुमाराचं. वर उपळ्या बुरूज, त्याच्या पायऱ्या चढताना दम लागतो आणि चढून गेल्यावर सगळा किल्ला दिसतो. डिसेंबरात ऊन सोसण्यासारखं असतं आणि पायऱ्यांवर शेवाळ नसतं. त्याने फक्त महिना बघून माल निवडायला हवा होता.

जागा निवडताना आणखी एक. कुणीतरी नेहमी नान्नजचं माळढोक अभयारण्य सुचवतं. माळढोक दिसणं आता फार दुर्मीळ झालंय. काळवीट दिसतात, पण ८० पोरं दोन गाड्यांतून उतरल्यावर तेही तिथे थांबणार नाहीत. ती जागा दहा शांत माणसांची आहे.

प्रदर्शनाची टिंगल

‘तेच ते थर्माकोल, तोच तो सोड्याचा ज्वालामुखी’ यावर हशा मिळतो. पण गेल्या वर्षी ज्याने तो ज्वालामुखी केला होता, तो तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. त्याचे चार मित्र असतात आणि त्या चौघांना सहल हवीच असते. एका विनोदात पाच मतं गेली.

प्रदर्शनाविरुद्ध बोलण्याची गरजच नाही. तालुका आणि जिल्हा पातळीवर विज्ञान प्रदर्शन दरवर्षी भरतं. ज्यांना प्रकल्प करायचाय त्यांना तो रस्ता या मतदानानंतरही खुला आहे. सगळ्या वर्गाने एकत्र दिवस घालवण्याची दुसरी जागा मात्र वर्षभरात नाही. हा मुद्दा कुणालाही न दुखावता मांडता येतो आणि खोडायलाही अवघड जातो. प्रदर्शनात एकेका प्रकल्पावर चार-पाच जण काम करतात आणि उरलेले टेबलाभोवती फिरून येतात, हेही सांगता येतं, पण एकदाच आणि हळू आवाजात.

सहलीला अभ्यासाचा मुलामा

‘सहलीतून इतिहास, भूगोल, पर्यावरण शिकायला मिळतं’ हे वाक्य मुलं शिक्षकांसाठी घालतात. समोर मतं देणारे शिक्षक नसतात. वर्गाला ते ढोंग वाटतं आणि शिक्षकांना त्याहून जास्त. शिवाय अभ्यास हाच निकष मान्य केला की प्रदर्शन आपोआप पुढे जातं, म्हणजे आपणच आपल्या हाताने मैदान देऊन बसतो. देशाटनाचं कौतुक करणारी ती पाठांतरातली आर्या म्हणणंही असंच उलटतं. त्याच आर्येत शास्त्रग्रंथ वाचायलाही सांगितलंय आणि समोरची बाजू तेवढीच ओळ उचलते. आमच्याकडे उचलली.

पहिलं मिनिट घालवणं

‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ यात आणि पुढच्या नमनात सहलीवाल्या मुलाची चाळीस सेकंदं गेली. तीन मिनिटांत सावकाश बोललं तर सव्वातीनशे-साडेतीनशे शब्द बसतात. पाठ करून वेगाने म्हटलं की जास्त बसतात, पण आमच्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं आहेत. भरभर म्हटलेलं पुस्तकी मराठी त्यांच्या डोक्यावरून जातं.

गेल्या वर्षी सहलीच्या बाजूने एक मुलगी उभी राहिली. वर्गात फारशी न बोलणारी. तिने नमन एका वाक्यात संपवलं आणि सुरुवात अशी केली : ‘सकाळी साडेसातला शाळेच्या दारातून निघायचं. संध्याकाळी साडेपाचला शाळेच्या दारात परत, दिवेलागणीच्या आत. दोन्ही गाड्यांत मॅडम असणार आहेत. पालकांचं संमतिपत्र माझ्याकडे छापून तयार आहे, ते आजच घरी न्या, आईला वाचून दाखवा. पाण्याजवळ कुणी उतरायचं नाही, फक्त महाल बघायचा, तोही दहा-दहाच्या गटाने.’

यात एकही टाळीचं वाक्य नाही. पण ‘घरून सोडतील का’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्या अर्ध्या मिनिटात मिळालं, तेही त्या मुलींना घरी जसंच्या तसं सांगता येईल अशा शब्दांत. मग हप्ते, मग डबे, मग पाणी महाल. प्रदर्शनाबद्दल ती एवढंच म्हणाली, ‘ज्यांचा प्रकल्प तालुक्याला जाणारे त्यांच्यासाठी आपण सगळे तिथे टाळ्या वाजवायला जाऊ.’ ज्वालामुखीवाला हसला.

मागून एकाने विचारलं, ‘आणि कुणाला यायचंच नसेल तर?’ इथे बरेच वक्ते ‘का नसेल यायचं?’ म्हणून भांडायला लागतात. ती म्हणाली, ‘नको यायला. पण चिठ्ठीवर तसं कारणासकट लिही, आम्हाला काही बदलता आलं तर बदलू.’ नाव लिहायचं नव्हतंच.

या वेळी बाकं कुणी बडवली नाहीत. मी पुन्हा मोजणीला बसले. सहल ४९, प्रदर्शन ३०. एक चिठ्ठी बाद करावी लागली, कारण तिच्यावर दोन्हीपैकी कशावरच खूण नव्हती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘सहा ऐवजी आठ हप्ते चालतील का?’ ते चाललं.