डिलिव्हरी बॉयच्या धडकेचा दावा: या चुका टाळा

अपघाताचे कागद माझ्याकडे येतात तेव्हा सामनेवाल्यांत बहुधा दोनच नावं असतात, गाडी चालवणारा मुलगा आणि विमा कंपनी. ज्याचं पार्सल तो पोचवत होता, त्या दुकानदाराचा पत्ताच नसतो. नोकराने कामावर असताना निष्काळजीपणाने कुणाला इजा केली, तर भरपाई मालकालाही द्यावी लागते; मालकाची स्वतःची चूक नसली तरी. व्हायकेरियस लायबिलिटी म्हणतात ती हीच.

एका औषध दुकानातला मुलगा स्वतःच्या मोटारसायकलवरून औषधं पोचवायचा. त्याने एका निवृत्त शिक्षकांना धडक दिली, मांडीचं हाड मोडलं. गाडीचा विमा संपलेला होता आणि घरच्यांनी घाईघाईने फक्त मुलावर दावा लावला होता. दुकानमालकांचं म्हणणं, "गाडी त्याची, आणि तो जेवायला घरी निघाला होता." मी घटनास्थळाचा पंचनामा पुन्हा वाचला. गाडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत औषधांची दोन पाकिटं होती, बिलावर वेळ 1.22. अपघात 1.40 चा. पाकिटावरचा पत्ता त्याच्या घराच्या वाटेवरचाच होता, म्हणजे दुकानाचं काम अजून व्हायचं होतं. मालकांना सामनेवाले करण्याचा अर्ज मंजूर झाला आणि शेवटी भरपाई दोघांवर बसली. पण त्या एका नावापायी वर्ष गेलं, आणि तोवर शिक्षकांच्या मुलीने दागिने गहाण ठेवले होते. म्हणून मी पंचनामा हातात आल्याशिवाय अर्ज लिहायला बसत नाही.

दुसरी चूक उलट टोकाची: नोकर आहे ना, मग मालक अडकलाच, असं धरून चालणं. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात मालकाने टॅक्सी एकाला चालवायला दिली होती. ती लायसन्सच्या चाचणीसाठी दुसऱ्याच्या हाती गेली आणि अपघात झाला. ते मालकाचं काम नव्हतं, म्हणून मालक सुटला. पार्सल पोचवताना वाट थोडी वाकडी केली तर मालकाची जबाबदारी सहसा संपत नाही. सुट्टी झाल्यावर मित्राकडे निघालेल्याची गोष्ट वेगळी. त्यामुळे त्या मिनिटाला तो कुणाच्या कामावर होता, हे बिल, ऑर्डरचा मेसेज आणि कॉलची नोंद यांतून दाखवावं लागतं. मेसेज पहिल्याच आठवड्यात जपून ठेवा, नंतर ते पुसलेले असतात.

करारात "पार्टनर" लिहिलंय म्हणून माघार घेऊ नका. वेळ कोण ठरवतं, दंड कोण कापतं, कामावरून कोण काढतं, हेही न्यायालय पाहतं. मुलाची चूकच सिद्ध झाली नाही, तर मालकावरही काही येत नाही. मुलगा स्वतः जखमी झाला असेल तर त्याचा मालकाकडचा हक्क वेगळ्या कायद्याखाली येतो, तो यात मिसळू नका.

आणि फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसू नका. 1 एप्रिल 2022 पासून दाव्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे.