जपानी एसीचा रिमोट फोटोवरून कसा वाचावा

कोल्हापुरात फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान चालवतो. गल्लीतली पोरं नोकरीसाठी जपानला गेली, तशी मोबाइलवर रिमोटचे फोटो यायला लागले. खाली एकच ओळ असते, ‘मामा, ह्यातलं कुठलं दाबू?’ मला जपानी येत नाही, रिमोट मात्र वाचता येतो. त्याला आठ-दहा अक्षरं ओळखली की भागतं.

आधी फोटो. फ्लॅश बंद ठेवायचा, रिमोट किंचित तिरका धरायचा आणि स्क्रीनवरचा आकडा त्याच्या पुढच्या चिन्हासकट वाचता आला पाहिजे. बऱ्याच रिमोटना खाली सरकणारं झाकण असतं. एक फोटो झाकण लावून आणि एक उघडून मागवायचा.

आता बटणं. आपल्याकडे चालू-बंदचं एक बटण आणि मोड बदलायचं दुसरं, अशी सवय असते. बऱ्याच जपानी रिमोटवर प्रत्येक मोडला वेगळं बटण असतं आणि ते दाबलं की एसी त्याच मोडमध्ये चालू होतो. बंद करायला 停止. चालू करायचं बटण सापडत नाही म्हणून रिमोट उलटासुलटा करत बसू नका, थंड करायचं बटण हेच चालूचं बटण. काही रिमोटवर मात्र 運転/停止 असं एकत्र बटण असतं, तिथं आपल्यासारखंच.

लोक सांगतात, ‘चिन्हं बघा, ती जगभर सारखीच.’ हा सल्ला अर्धवट आहे. बर्फाची चांदणी म्हणजे थंड, थेंब म्हणजे ओलावा काढणं, पंखा म्हणजे नुसता वारा, इथवर बरोबर. गोची होते ती सूर्यावर. आपल्याकडचे बहुतेक घरगुती एसी नुसते थंड करणारे, त्यामुळं सूर्य दिसला की पोरं समजतात, उन्हाळ्याचा मोड. सूर्य म्हणजे हीटर. ऐन ऑगस्टमध्ये एकानं सूर्य लावला आणि मला फोन केला, ‘मामा, गरम वारं यायलंय की, गॅस संपला काय?’

त्यात जपानी रिमोटवर चिन्हं कमी आणि अक्षरं जास्त. थंड म्हणजे 冷房, गरम म्हणजे 暖房. दोन्हीतलं दुसरं अक्षर एकच आहे, ते सोडून द्या. पहिल्याची फक्त डावी कड बघा. 暖 च्या डाव्या कडेला मधे आडवी रेघ असलेला उभा चौकोन आहे, खिडकीसारखा. हा चौकोन एकटा लिहिला तर जपानीत त्याचा अर्थ सूर्य होतो. म्हणजे हीटरचा सूर्य अक्षरातच बसलाय. 冷 च्या डाव्या कडेला नुसते दोन फटकारे, तो बर्फ. डावीकडे खिडकी दिसली की हात मागे घ्या. बटणाच्या रंगावर जाऊ नका, पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत सगळीच बटणं नारिंगी दिसतात.

मी स्वतः आपटलो ते पुढच्या पायरीला, म्हणून इथं जरा थांबतो.

तापमान म्हणजे 温度. हवेतला ओलावा म्हणजे 湿度. एकदा लांबून बघा. दोन्हींत डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे वर तीच खिडकी, आणि दुसरं अक्षर तर तेच. फोटो जरा हलला की दोन्ही शब्द जुळे भाऊ.

भाच्याचा पहिला जुलै. आपल्याकडं रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडं बारा वाजलेले. त्यानं फोटो पाठवला. स्क्रीनवर ६० होतं आणि पुढचं चिन्ह फ्लॅशच्या चकाकीत गेलेलं. मी छातीठोकपणे म्हणालो, ‘फॅरनहाइट असंल, तीन थेंबाच्या शब्दाजवळचा बाण दाब आणि खाली घे.’ त्यानं ५० वर आणलं. अर्ध्या तासानं फोन, ‘मामा, अंग कोरडं झालंय, पण खोली काय गार होईना.’ होणार कशी? जपानात एसीचं तापमान सेल्सिअसमध्येच असतं. ६० होते ते टक्के. एसी 除湿 वर, म्हणजे ओलावा काढायच्या मोडवर होता आणि मी आर्द्रता साठावरून पन्नासवर आणवली होती.

त्या दिवसापासून दोन खुणा बघितल्याशिवाय बाण दाबायला सांगत नाही. पहिली खूण अक्षराच्या तळाशी. 温 च्या खाली ताटली आहे, म्हणजे आत उभ्या रेघा असलेला डबा सपाट पाटावर ठेवल्यासारखा. 湿 च्या खाली ताटली नाही, दोन उभ्या रेघा आणि बाजूला तिरके फटकारे, गवत उगवल्यासारखे. ताटलीवर गरम जेवण, गवतावर दव, असं मी पोरांना सांगतो. दुसरी खूण आकड्यापुढची. ℃ असेल तर तापमान, % असेल तर ओलावा. चिन्ह दिसत नसेल तर दुसरा फोटो मागवा, अंदाज करू नका. साठ अंश सेल्सिअसवर खोली थंड करणारा एसी कुणी बनवत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

तर भाच्याला करायचं होतं एवढंच: 冷房 दाबायचं, ℃ दिसतंय का बघायचं आणि 温度 च्या बाणानं २६ वर आणायचं. 除湿 वाईट नाही, जूनमधल्या त्यांच्या पावसाळ्यात कपडे वाळवायला ते चांगलं. पण बहुतेक मशीनमध्ये त्यात कूलिंग मंद चालतं, आणि काही मशीन थंड केलेली हवा पुन्हा कोमट करून सोडतात. तापलेली खोली गार करायचं ते काम नव्हे.

風量 म्हणजे वाऱ्याचा जोर, 風向 म्हणजे वाऱ्याची दिशा. 自動 म्हणजे ऑटो, पण ते 風量 च्या ओळीत दिसलं तर फक्त पंखा ऑटो आहे, मोड नव्हे.

टायमरला मोबाइलच्या भाषांतरावर विसंबू नका. तो 入 ला ‘प्रवेश’ आणि 切 ला ‘कापणे’ म्हणतो, आणि पोरगं ‘प्रवेश’ म्हणजे ओके समजून दाबतं. इथं 入 म्हणजे चालू आणि 切 म्हणजे बंद. झोपताना दोन तासांनी एसी बंद व्हायला हवा असेल तर 切タイマー.

शेवटची गोष्ट, स्क्रीनवर दिसतं ते रिमोटचं म्हणणं असतं, एसीचं नव्हे. साधा रिमोट इन्फ्रारेडनं नुसतं सांगतो, ऐकत नाही. मधे कपाट आलं तर रिमोटवर 冷房 २६ दिसत राहतं आणि मशीन आधीच्याच मोडवर. म्हणून दाबल्यावर एसीतून ‘टीं’ आलं का, हे विचारायचं. नाही आलं तर रिमोटचं टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायला सांगायचं. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे, जवळ जाऊन दाबायचं. ठिपका नसेल तर सेल बदलायचे.