चान्सनकार्टच्या अर्जात नोकरीतला खंड समजावताना: तयारीची यादी

जर्मनीत जाऊन नोकरी शोधता यावी म्हणून जून २०२४ पासून चान्सनकार्ट हा निवास परवाना मिळतो. त्याच्या अर्जासोबत बायोडेटा आणि स्वतःचा उद्देश सांगणारं पत्र जोडावं लागतं, आणि बायोडेटात रिकामे महिने राहिले तर त्यांचा खुलासा या पत्रातच करायचा असतो. माझ्या मामेबहिणीचा खंड तीन वर्षं पाच महिन्यांचा होता. तिच्या कागदांवर आम्ही दोघी महिनाभर बसलो होतो. त्यातून बनलेली ही यादी.

पत्राला हात लावण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा आणि महिने मोजा. मूळ अटी पूर्ण झाल्यावर गुणांच्या मार्गाने किमान ६ गुण लागतात. अनुभवाचे २ गुण मिळतात ते गेल्या ५ वर्षांत शिक्षणाशी निगडित २ वर्षं काम केलं असेल तर, आणि ३ गुण गेल्या ७ वर्षांत ५ वर्षं केलं असेल तर. म्हणजे खंडाचा फटका आधी गुणांना बसतो, पत्राचा विषय त्यानंतरचा. बहिणीने जुलै २०१४ ते मार्च २०२० नाशिकला अंबडच्या कारखान्यात डिझाइन इंजिनिअर म्हणून काम केलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा नोकरी धरली. मार्च २०२५ मध्ये अर्ज करायचा म्हटलं तर शेवटच्या ५ वर्षांत जेमतेम १९ महिने भरत होते. पावणेसहा वर्षांचा जुना अनुभव असूनही गुण शून्य! वय ३३ म्हणून २, इंग्रजी सी१ चा १, जर्मन ए२ चा १, टंचाईच्या व्यवसायाचा १, असे पाचच झाले. मग दोन वाटा उरल्या: जर्मन बी१ करून एक गुण वाढवायचा, किंवा ऑगस्ट संपेपर्यंत थांबून नव्या नोकरीची दोन वर्षं पूर्ण करायची. ती थांबली. पत्र कितीही चांगलं लिहिलं असतं तरी हा एक गुण त्यातून मिळाला नसता.

मोजणी झाली की कागद गोळा करा. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून तारखा ताडून पाहा. बहिणीच्या बायोडेटात नोकरी सोडल्याचा महिना एप्रिल होता, रिलीव्हिंग लेटरवर ३१ मार्च. चूक साधी होती, पण तपासणाऱ्याला ती साधी आहे हे कसं कळणार? अशा वेळी बायोडेटा कागदाप्रमाणे दुरुस्त करायचा. लिंक्डइनवरही तीच तारीख ठेवा.

खंडाच्या प्रत्येक तुकड्याला एक कागद पुरतो. तिने नोकरी सोडली ती वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून. त्यासाठी हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड लावलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते गेले, त्याला मृत्यूचा दाखला. जून २०२२ मध्ये मुलगी झाली, तिचा जन्मदाखला. फक्त मराठीत असलेल्या कागदाचं जर्मन किंवा इंग्रजी भाषांतर करून घ्या. आजाराची अख्खी फाइल जोडू नका. वडिलांचे रिपोर्ट परक्या कचेरीत पाठवताना तिला फार जड गेलं होतं, आणि त्यांची गरजही नव्हती.

आता परिच्छेद. तो चार-पाच वाक्यांचाच हवा आणि क्रम असा ठेवा: कधीपासून कधीपर्यंत, कशामुळे, त्या काळात काय केलं, ते कारण आता का उरलं नाही. तिच्या पत्रातला मजकूर मराठीत साधारण असा: ‘एप्रिल २०२० ते ऑगस्ट २०२३ मी नोकरी करत नव्हते. वडिलांना अर्धांगवायू झाल्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्यांची देखभाल मी केली. जून २०२२ मध्ये मुलगी झाली आणि ती सव्वा वर्षाची होईपर्यंत मी घरी होते. सप्टेंबर २०२३ पासून मी पुन्हा डिझाइन इंजिनिअर म्हणून पूर्णवेळ काम करते आहे.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण हातातलं कौशल्य आजही चालू आहे हे तेच दाखवतं. माफी मागणारं काही लिहू नका. घरच्यांची देखभाल केली यात अपराध नाही.

पहिल्या मसुद्यात तिने या काळाला ‘फ्रीलान्स कन्सल्टिंग’ म्हटलं होतं, कुणीतरी सुचवलं म्हणून. मी ते खोडायला लावलं. कामाचं बिल नाही, बँकेत पैसे आल्याची नोंद नाही, आयकर विवरणात उत्पन्न नाही. एक प्रश्न आला असता तर उत्तर नव्हतं. खोटी माहिती दिल्यास व्हिसा नाकारला जातोच, पुढे परवाना मिळाल्यावर उघड झालं तर तोही जाऊ शकतो. खरंच तुटक कामं केली असतील तर मात्र बिलं आणि बँक स्टेटमेंटसह जरूर लिहा.

अपलोड करण्यापूर्वी पत्र आणि बायोडेटा यांतले महिने एकदा दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या, पत्राखाली तारीख आणि सही घाला, आणि पत्रात उल्लेख केलेले कागद त्याच क्रमाने लावा.