आजार उलटण्याआधीचे तीन आठवडे: घरच्यांनी खुणांचा कागद कसा करावा

"काल रात्रीपर्यंत सगळं ठीक होतं हो, एकदम काय झालं कळलंच नाही." शुभंकरांच्या बैठकीत हे वाक्य ऐकलं नाही असा महिना जात नाही. (आमच्याकडे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात.) मग आम्ही चहा घेता घेता मागचा महिना उकरायला लागतो. तासाभरात बहुतेक वेळा लक्षात येतं की एकदम काही झालेलं नव्हतं. साधारण दोन ते चार आठवडे आधीपासून बदल दिसत होते. ते ओळखता यावेत म्हणून एक कागद करायचा असतो. तो कसा करायचा ते एका घराच्या उदाहरणाने सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

संजू, वय २९, कराडजवळचा. घरी आई-वडील आणि मोठी ताई. तीनदा दवाखान्यात दाखल झालेला. तिसऱ्यांदा घरी आल्यावर सगळे बसले.

आधी मागे जायचं

हे काम त्रास शांत असताना करावं, आणि शक्य असेल तर शुभार्थीला सोबत घेऊन. दाखल होण्याच्या दिवसापासून उलटं मोजत जायचं: त्याच्या आदल्या दिवशी काय, आठवड्यापूर्वी काय, गणपतीत कसा होता. तारखा आठवत नाहीत, सण आणि लग्नं आठवतात. संजूची झोप आधी बिघडली होती, पहाटे तीनला तो अंगणात फिरायचा. त्यानंतर दाढी करणं सुटलं. ताईला वेगळीच गोष्ट आठवली. पाणी पिण्याआधी तो स्वतःचा स्टीलचा पेला पुन्हा विसळायला लागला होता, दोन-दोन, तीन-तीनदा. आईला वाटलं, पोरगं टापटीप झालं. संजूने स्वतःच सांगितलं, "मला वाटायचं, त्यात कुणीतरी काहीतरी लावलंय."

ही खूण कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. झोप, भूक, चिडचिड, संशय, एकटं बसणं हे बहुतेकांत दिसतं, पण प्रत्येकाची एखादी खासगी खूण असते आणि बऱ्याचदा तीच लवकर दिसते. कागदावर अशा चार-पाच खुणाच लिहा. वीस लिहिल्या तर कुणी बघत नाही.

खूण कुठली नाही, तेही ठरवायचं

संजू लहानपणापासून अबोल, त्यामुळे "बोलत नाही" हे कागदावर नको. सकाळी दहाला उठणं, आंघोळीचा कंटाळा, कशातच रस नसणं, याला घरात आळस म्हणतात. हे आजाराचाच भाग असू शकतं, गोळ्यांच्या गुंगीचंही असू शकतं. ओरडून ते जात नाही. उलट, सतत टोचून बोललं जातं त्या घरांत आजार जास्त वेळा उलटतो, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी सुरू केलेल्या अभ्यासांतून पुढे आलं आणि नंतर अनेक देशांत तसंच दिसलं.

एका गोष्टीत मात्र फार फसायला होतं. एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात, येरझाऱ्या चालू. हे आजार वाढल्यासारखं दिसतं, पण तो औषधाचा दुष्परिणामही असू शकतो. तुम्ही डॉक्टरांना नुसतं "फार अस्वस्थ झालाय" म्हणालात तर डोस वाढेल आणि तगमगही वाढेल. काय दिसतं ते जसंच्या तसं सांगा, आणि गोळी बदलल्यापासून सुरू झालं का, तेही.

गोळ्यांकडे बघण्याची रीत

औषध बंद केलं की दुसऱ्या दिवशी काही होत नाही. कधी आठवडे जातात, कधी महिने. मधल्या काळात गुंगी उतरते, माणूस तरतरीत दिसतो आणि घरच्यांनाही वाटतं, बघा, गरज नव्हतीच. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या आजारानंतर सावरलेल्या रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा केला होता. १९९९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात औषध थांबवल्यावर आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट दिसला.

म्हणून गोळी का सुटते ते विचारायचं. वजन वाढतं, हात-मान कडक होतात, लाळ गळते, दिवसभर झोप येते, ही खरी कारणं आहेत आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर डॉक्टरांकडे उपाय असतो. रोजची गोळी जमत नसेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन मिळतं, त्याबद्दल विचारा.

चहात किंवा आमटीत गोळी कुस्करून घालू नका. अनेक घरं हे करतात, त्यांची अगतिकता मला कळते. पण "माझ्या पेल्यात काहीतरी घालतात" हा ज्याचा भ्रम आहे, त्याला एक दिवस पांढरी भुकटी दिसली तर तो भ्रम तुम्ही खरा करून दिलात.

खूण दिसली की

किती झालं की काय करायचं, हे कागदावरच लिहून ठेवावं. संजूच्या घरी ठरलं: दोन खुणा सलग तीन दिवस दिसल्या तर ताईने डॉक्टरांना फोन करायचा. सगळ्यांनी नाही, फक्त ताईने. तिघांनी पाळत ठेवली तर संशय वाढणारच.

फोनवर "तो बरा नाही" एवढंच बोलू नये. ताईचं वाक्य असं होतं: "मंगळवारपासून रात्री तीन तासच झोपतोय, पेला तीनदा विसळतोय, जेवण अर्धं टाकतोय. गेल्या आठवड्यातल्या चार गोळ्या पाकिटात शिल्लक आहेत." यावर डॉक्टर त्याच दिवशी काही ठरवू शकतात.

त्याच्याशी बोलताना वाद नको आणि हो-ला-हो पण नको. "कुणी विष घालत नाही, वेडा आहेस का?" म्हणालात तर तो तुमच्याशी बोलणं थांबवेल. "हो, शेजारचेच असतील" म्हणालात तर भ्रम पक्का होईल. ताई म्हणाली, "मला तसं दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे दिसतंय. तुझं पाणी तूच भरून घे." मग विषय जेवणाकडे नेला.

जीव द्यायची भाषा, कुणाला मारायला सांगणारे आवाज, अन्न-पाणी पूर्ण बंद, यातलं काहीही असेल तर तीन दिवस थांबायचं नाही. माणसाला एकटं सोडू नका, चाकू-कीटकनाशक हलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांची मदत लागली तर ११२. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. हे क्रमांक कागदाच्या तळाशी लिहा. तसंच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आजारपणात उपचारांच्या निर्णयांत मदत करणारा आपला नामनिर्देशित प्रतिनिधी शुभार्थीला आधीच लेखी नेमता येतो. शांत काळातच त्याला विचारून घ्या. संजूने ताईचं नाव दिलं, वडिलांना थोडं लागलं.

ताईच्या त्या फोननंतर तपासणी ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधी झाली. मान आखडते म्हणून संजू रात्रीची गोळी सोडत होता. डॉक्टरांनी औषध बदललं, दाखल करावं लागलं नाही. महिन्याभरात झोप जागेवर आली. पेला मात्र तो अजूनही विसळतो, पण एकदाच. "आता सवय झालीय," म्हणाला. तेव्हा ताईने कागदावर "पेला विसळणे" खोडून "पेला एकापेक्षा जास्त वेळा विसळणे" असं लिहिलं.