‘पुढचा महिना कसा जाईल?’ विक्रीच्या स्क्रीनशॉटवरून अंदाज देताना या चुका टाळा

25 ऑक्टोबर 2025 च्या संध्याकाळी रविवार पेठेतल्या सुकामेव्याच्या एका दुकानदार काकांनी मला व्हॉट्सॲपवर बिलिंग सॉफ्टवेअरमधल्या आलेखाचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली एकच ओळ होती: ‘पुढचा महिना कसा जाईल?’ आलेखात नोव्हेंबर 2024 ते ऑक्टोबर 2025 असे बारा खांब होते आणि शेवटचे तीन जिना चढावा तसे वर गेले होते. ऑगस्ट 11 लाख, सप्टेंबर 12, ऑक्टोबर 22.

पहिली चूक इथेच होते. तो चढ डोळ्यांनी पुढे ओढला की 25 लाखांच्या पुढचा आकडा तोंडून निघून जातो. शिवाय आलेख फसवत होता. डावीकडची पट्टी शून्यापासून नाही, 6 लाखांपासून सुरू होत होती. त्यामुळे ऑक्टोबरचा खांब गेल्या नोव्हेंबरच्या 10 लाखांच्या चौपट उंच दिसत होता, प्रत्यक्षात तो सव्वादोन पटही नव्हता. म्हणून मी आधी प्रत्येक खांबाचा आकडा कागदावर उतरवून घेते आणि मगच बोलते.

दुसरी चूक शेवटच्या खांबाची. 25 तारखेचा स्क्रीनशॉट म्हणजे महिना अपुरा. हे लक्षात आलं की बरेच जण लगेच त्रैराशिक मांडतात: 25 दिवसांत 22 लाख, तर 31 दिवसांत सव्वासत्तावीस. पण लक्ष्मीपूजन 21 ला झालं, भाऊबीज 23 ला. भेटीचे डबे आणि फराळाचा सुकामेवा विकून झाला होता. उरलेले सहा दिवस साध्या दिवसांसारखेच जाणार होते, त्यामुळे महिना 24 लाखांच्या आतच थांबणार हे दिसत होतं.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते, आणि ती जरा सावध माणूसही करतो: ‘गेल्या नोव्हेंबरला 10 लाख झाले होते, यंदा धंदा वाढलाय, 11 धरा.’ आपली दिवाळी इंग्रजी महिन्यांत सरकत असते. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला, म्हणजे पाडवा 2 ला आणि भाऊबीज 3 ला. गेल्या नोव्हेंबरच्या त्या 10 लाखांत दिवाळीचे तीन दिवस बसले होते. यंदाच्या नोव्हेंबरात एकही नाही. हे स्क्रीनशॉटमध्ये कुठेच दिसत नाही, ते कॅलेंडर उघडूनच कळतं.

मी काकांना फोन करून तीनच गोष्टी विचारल्या. गेल्या वर्षी 1 ते 3 नोव्हेंबरची विक्री किती? 2 लाख 40 हजार. मे आणि जून मिळून 2024 मध्ये किती झाली होती? 15 लाख. बारा महिन्यांच्या आलेखातून वर्षागणिक वाढ काढताच येत नाही, म्हणून हा प्रश्न. मोठे सण नसलेले महिने त्यासाठी बरे. यंदाच्या मे-जूनचे आलेखात 16 लाख होते, म्हणजे वाढ साधारण पावणेसात टक्के. आणि तिसरं, तुम्हाला हे कशासाठी हवंय? ‘सोमवारी मार्केट यार्डात माल बुक करायचाय, 20 लाखांचा विचार आहे.’

मग हिशोब सोपा झाला. 10 मधून 2.4 वजा केले, 27 दिवसांचे 7.6 लाख उरले. म्हणजे रोजचे 28 हजारांच्या आसपास. तीस दिवसांचे 8.4 लाख, त्यात वाढ मिळवून 9 लाख. यंदा तुळशीचं लग्न नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आलं होतं, गेल्या वर्षी ते 13 च्या सुमारास होतं. लग्नसराई लवकर लागली तर आकडा थोडा वर जाईल. उलट बदाम-पिस्त्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबरपासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. आलेख करासकट असेल तर तेवढ्याच मालाचा आकडा कमी दिसेल. दोन महिन्यांवरून काढलेली वाढ फार भरवशाची नसते, त्यामुळे एकच आकडा सांगणं मला पटत नाही.

काकांना पाठवलेला निरोप असा होता: ‘काका, नोव्हेंबर साधारण 9 लाख, 8 ते 10 मध्ये कुठेही. ऑक्टोबरसारखा जाणार नाही, दिवाळी संपली. 20 लाखांचा माल एकदम उचलू नका. आत्ता तीन आठवड्यांपुरता घ्या आणि 10 तारखेला पहिल्या दहा दिवसांची विक्री मला सांगा. 3 लाखांच्या आसपास असेल तर अंदाज बरोबर चाललाय. अडीचच्या खाली असेल तर पुढची ऑर्डर कमी करू, साडेतीनच्या वर गेली तर लग्नाची गिऱ्हाइकं लागली असं समजून वाढवू.’